एका 🙏 ने तिप्पट होणारा मेसेज

सोसायटीचं सचिवपद तुझ्या गळ्यात पडलंय, तेव्हा सभेच्या नोटिशीचे एसएमएसही आता तूच पाठवणार. आपल्याकडे निम्मे सभासद व्हॉट्सॲपवर असूनही नसल्यासारखे आहेत, म्हणून एसएमएस सुटत नाही. तर हे एवढं ऐकून ठेव. मागच्या वेळचा मसुदा असा होता:

```
Namaskar. Society chi varshik sabha ravivari sakali 10 vajta, sabhagruhat. Sarvanni vel palun yave. Thakbaki asel tar office madhe bharavi. - Sachiv
```

मोजून बघ, रिकाम्या जागा धरून १४८ अक्षरं. मर्यादा १६०, म्हणजे एका मेसेजचे पैसे. आता शेवटी एक जागा सोडून 🙏 टाक. हाच मजकूर ३ मेसेजचा होतो. काही फोनवर लिहायच्या चौकटीशेजारी बारीक आकडा दिसतो, किती अक्षरं उरली आणि कितवा मेसेज चाललाय याचा. नमस्काराचा हात टाकण्याआधी तिथे `12/1` असेल, टाकल्यावर `50/3`. पाठवण्याआधी नजर तिथे ठेवायची, एवढी सवय लावून घे.

असं का होतं? एका एसएमएसला जागा मिळते १४० बाइटची, म्हणजे ११२० बिट, आणि त्यात एक बिटही वाढवून मिळत नाही. जीएसएमच्या मूळ अक्षरसंचात इंग्रजी अक्षरं, आकडे आणि नेहमीची विरामचिन्हं आहेत. त्यातल्या प्रत्येकाला ७ बिट पुरतात, म्हणून १६० बसतात. इमोजी त्या संचात नाही. तो पाठवायचा तर फोनला युनिकोडची लिपी घ्यावी लागते, आणि तिथे प्रत्येक घर १६ बिटांचं. ११२० भागिले १६, उरली ७० घरं. खरी मेख पुढे आहे. कुठली लिपी वापरली ते मेसेजच्या माथ्यावर एकदाच लिहिलेलं असतं, ते सगळ्या मजकुराला लागू. थोडं बारीक, थोडं मोठं असं चालत नाही. आंतरदेशीय पत्रात एक शब्द ठळक मोठ्या अक्षरात लिहायचा म्हणून सगळं पत्रच तसं लिहावं लागलं, तर जे होईल तेच इथे होतं.

त्यात मजकूर एका मेसेजबाहेर गेला की प्रत्येक तुकड्यात ६ बाइटची चिठ्ठी जोडली जाते: हा कुठल्या मेसेजचा, एकूण किती, त्यातला कितवा. त्यावरूनच समोरचा फोन तुकडे पुन्हा जोडतो. म्हणून तुकड्यात ७० नव्हे, ६७ घरं मिळतात, आणि साध्या इंग्रजीत १६० ऐवजी १५३. आपला मजकूर १४८, एक रिकामी जागा आणि 🙏 ची २ घरं मिळून १५१. दोन तुकड्यांत १३४ मावतात, म्हणून तिसरा. इमोजीला बहुधा २ घरं लागतात, त्वचेचा रंग निवडलास तर ४. आई, बाबा आणि मुलगी अशा कुटुंबाच्या चित्राला तर ८.

समोरच्याला यातलं काही कळत नाही, त्याला एकच सलग मेसेज दिसतो. म्हणून कोणी तक्रारही करत नाही. कळतं ते बिलावर. २०० सभासदांना २०० ऐवजी ६०० मेसेज लागतात. प्रीपेड पॅकमध्ये रोजचे १०० एसएमएस असतील, तर ३३ जणांतच संपतात.

इमोजी काढला तरी आकडा खाली येत नसेल, तर मजकुरात आणखी कोणी लपलंय. बहुतेकदा वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं, लांब रेघ किंवा ₹ ची खूण. हीही मूळ संचात नाहीत. संशयित चिन्ह एकेक खोडत जा. ज्याच्या खोडण्याने आकडा एकदम उडी मारेल, तोच चोर. ₹ च्या जागी `Rs.` लिही, रेघेच्या जागी साधी.

आता तू विचारशील, देवनागरीत लिहिलं तर? देवनागरीही मूळ संचाबाहेरचीच, म्हणून मराठी मेसेजला मर्यादा पहिल्यापासून ७०. तिथे इमोजीने फक्त त्याची २ घरं जातात, जास्तीचा दंड नाही. पण मोजताना फसशील. जोडाक्षरातला हलंत आणि काना, वेलांटी, मात्रा ही प्रत्येकी एक घर खातात. ‘नमस्कार’ डोळ्यांना चार अक्षरांचा, पण मोजदादीत सातचा.

माझं मत विचारशील, तर आजी-आजोबांसाठी नोटीस देवनागरीतच जावी, दोन तुकडे लागले तरी. मजकूर १३४ घरांच्या आत बसव. रोमन लिपीत पाठवायचं असेल तेव्हा मात्र इमोजी नको. ‘नमस्कार’ शब्दात लिहिलाच आहे.