मांजराचा आहार बदलताना

प्रश्न : आमची चार वर्षांची मांजर रोज 60 ग्रॅम कोरडं खाद्य खाते. ब्रँड बदलल्याबरोबर तिला जुलाब झाले. नवं खाद्य वाईट आहे का?

उत्तर : बहुधा खाद्य वाईट नसून बदल फार झटपट झाला. आतड्यातले जिवाणू रोजच्या अन्नाला सरावलेले असतात. नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला त्यांना काही दिवस लागतात.

आधी जुनं खाद्य द्या. शी घट्ट झाली की दहा दिवसांचा क्रम सुरू करा. पहिले तीन दिवस 45 ग्रॅम जुन्यात 15 ग्रॅम नवं मिसळा. चौथ्या ते सहाव्या दिवशी दोन्ही 30-30 ग्रॅम, सातव्या ते नवव्या दिवशी 15 ग्रॅम जुनं आणि 45 ग्रॅम नवं. दहाव्या दिवशी पूर्ण नवं. मधेच शी पातळ झाली, तर आधीच्या प्रमाणावर दोन-तीन दिवस थांबा.

भूक लागली की खाईल, म्हणून तिला उपाशी ठेवू नका. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. चोवीस तास काहीच खाल्लं नाही, वारंवार उलट्या झाल्या किंवा शीत रक्त दिसलं, तर लगेच पशुवैद्याकडे न्या.