टूर ऑपरेटरला कमिशन कमी करायला सांगणारं पत्र कसं लिहायचं?

"कमिशन जास्त होतंय, थोडं कमी करा," असं पत्र लिहिलंत तर उत्तर ठरलेलं: "सगळ्यांचं हेच चालू आहे." म्हणून पत्रात तक्रार नको, हिशोब हवा.

समजा, तारकर्लीत तुमच्या दहा खोल्या आहेत. त्यातल्या चार तुम्ही पुण्याच्या एका ऑपरेटरसाठी १ डिसेंबर ते ३१ जानेवारी राखून ठेवता. म्हणजे ६२ रात्री गुणिले ४, एकूण २४८ रूम-नाइट्स. भाडं ३,००० रुपये, कमिशन २० टक्के, आणि न विकलेली खोली त्याने ३ दिवस आधी परत करायची, म्हणजेच रिलीज करायची.

गेल्या सीझनला त्याने १५० विकल्या आणि ९८ परत दिल्या. त्यातल्या ४० तुम्ही कशाबशा विकल्या, ५८ रिकाम्या गेल्या. कमिशन गेलं ९०,००० आणि रिकाम्या खोल्यांचं भाडं बुडालं १,७४,०००. खरा खड्डा इथे आहे! खोली अडवून ठेवायला त्याला एक रुपयाही लागत नाही, जोखीम सगळी तुमची. कमिशन कमी मागायचं कारण हेच.

आता पत्र:

"सप्रेम नमस्कार. गेल्या सीझनमध्ये आपण आमच्या १५० रूम-नाइट्स विकल्यात, त्याबद्दल आभार. राखीव २४८ पैकी ९८ तीन दिवस आधी परत आल्या आणि त्यातल्या ५८ रिकाम्या राहिल्या. येत्या सीझनसाठी दोन पर्याय देत आहे.

पर्याय १: रिलीज ३ दिवसच ठेवू, कमिशन १५ टक्के.
पर्याय २: कमिशन २० टक्केच ठेवू, रिलीज १५ दिवस.

दोन्हीत कमिशन जीएसटी वगळून मूळ भाड्यावर धरावे. आपला निर्णय ३१ ऑगस्टपर्यंत लेखी कळवावा, त्यानंतर या चार खोल्या आम्ही खुल्या विक्रीला ठेवू."

दोन पर्याय का? एकच मागणी केली की उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं. दोन दिले की तो त्यातला कोणता परवडतो ते बघतो. पहिला घेतला तर १५० रात्रींवर तुमचे २२,५०० वाचतात. दुसरा घेतला तर खोल्या पुन्हा विकायला १२ दिवस जास्त मिळतात, आणि ५८ पैकी १० जरी विकल्या तरी ३०,००० येतात. त्यामुळे दुसरा आला तर नाराज होऊ नका.

ऑगस्टच का? ऑपरेटरने पॅकेजचे दर एकदा ग्राहकांना सांगितले की त्याला मागे येता येत नाही. नोव्हेंबरात मागाल तर तो चिडेल आणि बरोबरच चिडेल.

एक मर्यादा लक्षात ठेवा. ऑपरेटर २४८ पैकी २३० विकत असेल, तर हा मुद्दा टिकत नाही. त्याचं कमिशन तो कमावतोय. आणि फोनवर "बघू, करू काहीतरी" आलं, तर ते उत्तर धरू नका. त्याच दिवशी बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "बरोबर ना?" असं विचारा. होकार आला तरच खोल्या राखा.