बाळाच्या जन्माचे अभिनंदनपत्र

विद्यार्थीमित्रहो, ज्या घरी नुकतेच बाळ जन्मले आहे, त्या घरी पाठवावयाचे पत्र कसे असावे, ह्याचा आपण एक उदाहरण घेऊन विचार करू.

समजा, थोरली चुलत बहीण बाळंतपणासाठी गडहिंग्लजला माहेरी गेली असून तिला मुलगी झाली आहे. कोल्हापुरातील धाकटा भाऊ पत्र लिहावयास बसतो. प्रथम मायना. ‘तीर्थरूप’ हा शब्द रूढीने आईवडिलांकरिता राखलेला आहे. इतर वडीलधाऱ्यांस ‘तीर्थस्वरूप’ लिहितात. पत्र उभयतांच्या नावे असावे. परंतु जिने कष्ट सोसले, त्या मातेचे नाव आधी यावे.

आता त्याचा पहिला मसुदा पाहा: ‘अक्का, मुलगी झाली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, पहिली बेटी, धनाची पेटी. डिंकाचे लाडू खा, वाऱ्यात बसू नकोस. नाव काय ठेवणार? बाळ कोणासारखे दिसते? लगेच कळव.’

ह्यातील प्रत्येक वाक्य मायेचेच आहे. तरी पत्र वाचून अक्काचे मन खट्टू होईल. जे दुःख तिला झालेच नाही, त्याचे सांत्वन पहिल्या वाक्यात आहे. म्हण गोड खरी, पण सांत्वनामागून आल्यामुळे तीही समजूत घातल्यासारखी वाटते. लाडू, शेक, बाळगुटी ह्यांविषयी सांगणारी वडील माणसे तिच्या उशाशीच आहेत. राहिले प्रश्न. प्रश्न म्हटला की उत्तर देणे आले, आणि रात्री जागणाऱ्या मातेवर तो भारच होय. शिवाय नाव बहुधा बाराव्या दिवशी बारशास, ख्रिस्ती घरी बाप्तिस्म्याच्या वेळी जाहीर होते. तोवर ‘बाळ’ एवढे पुरे.

दुसरा मसुदा असा झाला:

‘ती. स्व. सौ. अक्का व ती. स्व. दाजी यांस कृतानेक साष्टांग नमस्कार. विनंती विशेष. तुम्हांस कन्यारत्न झाल्याचे व बाळ-बाळंतीण सुखरूप असल्याचे काकांच्या पत्रावरून कळले. आईने ते पत्र सर्वांस दोनदा वाचून दाखविले व घरात साखर वाटली. तुम्हां उभयतांचे मनःपूर्वक अभिनंदन. अक्का, तू मला मामा केलेस, ह्याचा मला फार अभिमान वाटतो. ह्या पत्रास उत्तर नसले तरी चालेल.’

आनंदाची बातमी कोणत्या घरी कशी पोहोचली, हे सांगणारे साखरेचे वाक्य ह्या पत्राचा प्राण आहे. ते दुसऱ्या कोणाच्या पत्रात शोभणार नाही.

पत्र लिहून झाल्यावर त्यातील आज्ञार्थी क्रियापदे व प्रश्नचिन्हे शोधावीत आणि ती वाक्ये खोडावीत. मात्र आलेल्या बातमीत ‘सुखरूप’ हा शब्द नसेल, तर लेखणी थांबवावी व आधी घरच्या वडील माणसांकडे चौकशी करावी. कारण बाळ वा माता आजारी असता हे पत्र त्या घरी शोभत नाही.