मिडविकेट एका चेंडूत पलीकडे कसा गेला?

प्रश्न : मी भिवापूरची. गेल्या वर्षीपासून मुलासोबत क्रिकेट पाहायला लागले. टी-ट्वेंटी सामना चालू असताना मोबाइलवर मैदानाच्या आकृतीचे दोन फोटो काढले, एकाच षटकातले. हिरवा गोल, मधे फिकट पट्टी, आत तुटक रेषेचं कडं आणि नऊ ठिपके. पहिल्या फोटोत ‘डीप मिडविकेट’ उजवीकडे आहे, दुसऱ्यात डावीकडे. मधे फक्त एक धाव निघाली. तेवढ्यात तो खेळाडू अख्खं मैदान ओलांडून पळाला का? मुलगा म्हणतो, ‘आई, ते तसंच असतं.’ पण ‘तसंच’ म्हणजे कसं?

उत्तर : तुम्ही दोन्ही फोटो पाठवलेत, म्हणून नेमकं सांगता येतं. पहिल्या फोटोच्या वेळी उजव्या हाताने खेळणारा फलंदाज स्ट्राइकवर होता. एक धाव निघाली आणि डावखुरा समोर आला. मैदानावरच्या जागांची नावं जमिनीला दिलेली नाहीत, ती फलंदाजाच्या अंगाला दिलेली आहेत. फलंदाज बदलला की नावं आरशातल्यासारखी उलटतात. एखादा क्षेत्ररक्षक जागचा हलला नाही, तरी त्याच्या जागेचं नाव बदलतं.

आकृती वाचताना म्हणून आधी नावं वाचूच नका. आधी यष्टिरक्षक शोधा. तुमच्या फोटोत तो पट्टीच्या वरच्या टोकाला आहे, म्हणजे फलंदाजही तिथेच, आणि गोलंदाज खालून येतोय. टीव्हीचा मुख्य कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागून दाखवतो तेच हे दृश्य. उजवा फलंदाज गोलंदाजाकडे पाहत उभा राहतो तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बाजू ती ऑफ साइड. तो आपल्याकडे तोंड करून असल्यामुळे ती आपल्याला पडद्यावर डावीकडे दिसते. त्याच्या पायांमागची बाजू ती लेग साइड, आपल्या उजवीकडे. डावखुऱ्याचं सगळं याच्या उलट. काही वाहिन्या फलंदाज खालच्या टोकाला दाखवतात, तेव्हा याही बाजू पालटतात. माझ्या मते नवख्याची गफलत इथेच होते, नावं पाठ नसल्यामुळे नव्हे.

आता ऑफ साइडला मागून पुढे चला. यष्टिरक्षकाला लागून स्लिप, मग गली, फलंदाजाच्या रेषेत पॉइंट, जरा पुढे कव्हर आणि गोलंदाजाच्या जवळ मिडऑफ. सीमारेषेकडे, पार मागे, थर्डमॅन. स्लिप आणि पॉइंट यांच्यामधल्या अरुंद वाटेतून चेंडू निसटतो, तिथे उभा राहणारा तो गली. आपल्या ‘गल्ली’शी हा शब्द इतका जुळतो की एकदा ऐकला की विसरत नाही. लेग साइडला प्रत्येकाचा जोडीदार आहे : मिडऑफचा मिडऑन, कव्हरचा मिडविकेट, पॉइंटचा स्क्वेअर लेग, थर्डमॅनचा फाइन लेग. या चार जोड्या कळल्या की तुमचा प्रश्न सुटला. पहिल्या फोटोतला उजवीकडचा डीप मिडविकेट तिथेच थांबला आणि डावखुऱ्यासाठी तो डीप कव्हर झाला. कर्णधाराने डावीकडच्या डीप कव्हरलाही तिथेच ठेवलं आणि तोच नवा डीप मिडविकेट ठरला. पळालं कुणीच नाही.

नावापुढचा शब्द अंतर सांगतो. ‘शॉर्ट’ आणि ‘सिली’ म्हणजे फलंदाजाच्या अगदी जवळ, ‘डीप’ आणि ‘लाँग’ म्हणजे सीमारेषेकडे. तुमच्या फोटोतलं तुटक कडं तीस यार्डांचं, म्हणजे सुमारे २७ मीटरचं. टी-ट्वेंटीत पहिल्या सहा षटकांत त्याच्या बाहेर दोघेच उभे राहू शकतात, नंतर पाच. तुमच्या फोटोत बाहेर पाच ठिपके आहेत, म्हणजे सहा षटकं उलटून गेली होती. ठिपके नऊच का, हेही सांगतो. गोलंदाज आणि यष्टिरक्षक धरून अकरा होतात.

पण दिशा आणि अंतर यांचा अर्थ सामन्यातच कळतो. २०२५ च्या फेब्रुवारीतलं रणजी आठवा. अहमदाबादला गुजरात आणि केरळ यांच्यात उपांत्य सामना होता. पहिल्या डावात केरळच्या ४५७ धावा होत्या आणि शेवटच्या दिवशी गुजरात ४५५ वर पोचलं होतं, एकच गडी बाकी. गोलंदाज होता आदित्य सरवटे, विदर्भाकडून अनेक वर्षं खेळून त्या मोसमात केरळला गेलेला नागपूरचा फिरकीपटू. शॉर्ट लेगला, म्हणजे लेग साइडला फलंदाजापासून अगदी थोड्या अंतरावर, हेल्मेट घालून सलमान निझार उभा होता. अर्झन नागवासवालाने जोरात मारलेला चेंडू थेट त्या हेल्मेटवर आदळला आणि उंच उडाला. स्लिपमध्ये उभ्या कर्णधार सचिन बेबीने तो झेलला. क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल २०१७ च्या नियमांपासून धरला जातो, त्याआधी फलंदाजाला बाद दिलं नसतं. पहिल्या डावातल्या दोन धावांच्या आघाडीवर केरळ पहिल्यांदाच रणजीच्या अंतिम सामन्यात पोचलं. आकृतीत शॉर्ट लेग म्हणजे पट्टीला चिकटलेला एक ठिपका. तो चौकार अडवायला नसतो, बॅट-पॅडवरून उडालेला झेल घ्यायला असतो.

अंतिम सामना जामठ्याला, आपल्याच विदर्भाविरुद्ध. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, तोच सचिन बेबी ९८ वर खेळत होता आणि पार्थ रेखडे गोलंदाजी करत होता. सचिन डावखुरा, रेखडे डावखुरा फिरकीपटू. अशा गोलंदाजाचा चेंडू डावखुऱ्याच्या आत वळतो, म्हणून फलंदाजाला तो लेग साइडला उचलून मारावासा वाटतो. ताकदीने मारला तर चेंडू मिडविकेटच्या पट्ट्यात जातो. सीमारेषेकडे त्याच जागी, डीप मिडविकेटला, करुण नायर होता. सचिनने तसाच फटका मारला आणि चेंडू नायरच्या हातात गेला. रणजीत तीस यार्डांच्या कड्याचं बंधन नसतं, त्यामुळे असा क्षेत्ररक्षक हवा तेव्हा ठेवता येतो. फलंदाज डावखुरा असल्यामुळे हा डीप मिडविकेट कॅमेऱ्यात डावीकडे दिसतो, तुमच्या दुसऱ्या फोटोतल्यासारखा.

आकृतीची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. ठिपके एका क्षणाचे असतात. गोलंदाज धावू लागला की क्षेत्ररक्षक चार-पाच पावलं पुढे सरकतात, आणि डीप मिडविकेट संपून डीप स्क्वेअर लेग कुठे सुरू होतो याची रेषा मैदानावर आखलेली नसते. स्ट्राइक बदलल्यावर काही वेळा पडद्यावर आधीच्या फलंदाजाचीच आकृती राहून जाते. शंका आली तर थेट चित्रात फलंदाजाची छाती कोणत्या बाजूला आहे ते पाहा. तीच ऑफ साइड.

त्या अंतिम सामन्यात सचिन बाद झाल्यावर केरळचा डाव ३४२ वर आटोपला. विदर्भाला ३७ धावांची आघाडी मिळाली, सामना अनिर्णित सुटला आणि त्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.