बचत गटातील महिलांसमोर छोटे भाषण : लोणचे आणि फराळाचा फोटो कसा काढावा?

महिला मेळाव्यात किंवा शाळेच्या कार्यक्रमात बचत गटासमोर दोन शब्द बोलायला सांगतात. तेव्हा उपयोगी पडेल असे एक छोटे भाषण आज देत आहे.

भाषण

व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या ताई-मावशींनो, सर्वांना नमस्कार.

आपल्या वांद्र्याला, बीकेसीच्या एमएमआरडीए मैदानावर, महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं. राज्यभरातले बचत गट तिथे येतात. तिथे गिऱ्हाईक लोणचं चाखून घेतं. व्हॉट्सॲपवर मात्र चव नाही, वास नाही. तिथे फोटो हीच चव!

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आईने कैरीच्या लोणच्याचा फोटो रात्री, पिवळ्या बल्बखाली काढला. फोडी तपकिरी दिसल्या. लोकांनी विचारलं, "लोणचं मागच्या वर्षीचं का?" लोणचं तर चार दिवसांचं होतं! मग आम्ही तो फोटो पुन्हा काढला. कसा, ते सांगते.

सकाळी, ऊन थेट आत येत नसताना, खिडकीजवळ स्टूल ठेवलं. घरातले सगळे दिवे बंद केले, कारण दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा पांढरा उजेड मिसळला की रंग बिघडतो. बरणी अशी ठेवली की खिडकी तिच्या डाव्या बाजूला आली. उजवी बाजू काळोखी दिसत होती, म्हणून तिकडे पांढरा कार्डशीट उभा धरला. त्यावरून उजेड परत बरणीवर पडला.

खरी अडचण काचेची आणि तेलाची. दोन्ही चकाकतात. फ्लॅश लावला तर मधोमध पांढरा ठिपका येतो, म्हणून फ्लॅश बंद. काचेत खिडकीचा पांढरा पट्टा दिसत होता. मोबाईल थोडा डावी-उजवीकडे सरकवला, तसा तो पट्टा कडेला गेला. एका बशीत चार फोडी काढून बरणीपुढे ठेवल्या. काचेपेक्षा बशीतच मसाला नीट दिसतो.

आधी मोबाईलची लेन्स सुती कापडाने पुसा. तेलकट बोट लागलं की फोटो धुरकट येतो. फार जवळ गेलात तर बरणी फुगीर दिसते, म्हणून दोन पावलं मागे या आणि थोडा झूम करा.

चकलीलाही हाच बाजूचा उजेड हवा. समोरून उजेड पडला की काटे सपाट दिसतात, बाजूने पडला की काट्यांची सावली पडून ते उठून दिसतात.

दुसरा फोटो लेबलचा काढा. वजन, तारीख आणि चौदा अंकी एफएसएसएआय क्रमांक वाचता आला पाहिजे.

शेवटी फोटो आणि बरणी शेजारी धरून बघा. रंग जुळतो का? फिल्टर लावून लोणचं लालभडक केलंत, तर पहिली बरणी खपेल, दुसरी मागायला कोणी येणार नाही.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.