पहाटेची पिवळी उलटी: कुत्र्याच्या जेवणाच्या वेळा अशा बदला

पहाटे पाच-साडेपाचला गॅलरीतून ओकारीचा आवाज येतो. उठून बघता तर फरशीवर चमचा-दोन चमचे पिवळा फेस पडलेला असतो. अर्ध्या तासाने तोच कुत्रा शेपटी हलवत भांड्यापाशी हजर! मोठ्या, एरवी ठणठणीत कुत्र्याचं असं होत असेल, तर पोट रात्री फार वेळ रिकामं राहिल्याने पित्त वर येत असण्याची शक्यता मोठी आहे. जेवणाच्या वेळा बदलून बघू या.

जवळ काय हवं: स्वयंपाकघरातला वजनकाटा (नसेल तर एक ठरलेली वाटी), भिंतीवरचं कॅलेंडर, पेन आणि मोबाइलचा गजर.

कोणासाठी नाही: लहान पिल्लू, गाभण कुत्री, मधुमेह असलेला कुत्रा किंवा लसीकरण अर्धवट राहिलेला कुत्रा असेल, तर घरी प्रयोग नको. आधी पशुवैद्यांकडे जा.

कृती

1. पुसण्याआधी उलटी नीट बघा. पिवळं पाणी किंवा फेस असावा आणि त्यात अन्न नसावं. मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
*सावध:* लाल रक्त दिसलं, किंवा चहाच्या चोथ्यासारखे काळपट कण दिसले, तर इथेच थांबून दवाखाना गाठा.

2. हिरड्या बघा. ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबा आणि सोडा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा.
*सावध:* हिरड्या फिक्या किंवा पिवळट असतील, तर त्याच दिवशी दाखवा. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही हिरड्या फिक्या पडतात.

3. अर्धा तास खायला देऊ नका. पाणी मात्र समोर असू द्या, थोडं थोडं पिऊ द्या.
*सावध:* नळाला रोज पाणी येत नसेल, तर भांड्यातलं शिळं पाणी तसंच ठेवलं जातं. भांडं रोज घासा आणि घरचे पितात तेच पाणी भरा.

4. कॅलेंडरवर दोन वेळा लिहा. काल शेवटचं खाणं किती वाजता झालं आणि आज उलटी किती वाजता झाली.
*सावध:* रात्री कोणी गुपचूप पोळीचा तुकडा दिला असेल, तर तोही लिहा. घरातल्या सगळ्यांना विचारा.

5. रात्रीचं अंतर मोजा. शेवटच्या खाण्यापासून सकाळच्या पहिल्या घासापर्यंत किती तास जातात ते काढा. समजा, सिडकोतल्या एका घरी वीस किलोचा कुत्रा आहे. तो सकाळी आठला आणि संध्याकाळी साडेसहाला जेवतो, आणि पहाटे साडेपाचला उलटी करतो. रात्रीचं अंतर झालं साडेतेरा तास, आणि उलटी अकराव्या तासाला. आपल्याला हे अंतर आठ तासांच्या आत आणायचं आहे.

6. दिवसभराचं खाणं एकदाच मोजून घ्या. या कुत्र्याला दोन वेळा मिळून 240 ग्रॅम कोरडं खाद्य मिळतं. ते सगळं सकाळीच एका डब्यात काढा.
*सावध:* रात्रीचा घास हा वरचा खाऊ नव्हे, तो याच डब्यातून जायला हवा. नाहीतर महिन्याभरात वजन वाढेल.

7. त्याच खाण्याचे तीन भाग करा. आपल्या उदाहरणात असे: सकाळी सहाला 90 ग्रॅम, दुपारी दोनला 90 ग्रॅम, रात्री साडेदहाला 60 ग्रॅम. रात्रीचं अंतर आता साडेसात तास झालं. दुपारी घरी कोणी नसेल, तर मधला भाग संध्याकाळी सातला द्या. रात्रीचा मात्र चुकवू नका.
*सावध:* खाद्याचा ब्रँड किंवा प्रकार याच वेळी बदलू नका. दोन्ही एकदम बदललं, तर गुण कशाने आला ते कळणार नाही.

8. रात्रीचा भाग झोपण्याआधी द्या. रोजचंच खाद्य असावं. घरचं जेवण देत असाल, तर भात आणि कातडी काढलेलं उकडलेलं चिकन पुरे. त्यात मीठ-मसाला नको.
*सावध:* दूध-बिस्किटं, तुपाची पोळी, रश्शाचा भात नको. तेलकट खाण्याने पोट आणखी बिघडतं, आणि कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी आहेत.

9. सकाळचा गजर उलटीच्या नेहमीच्या वेळेआधी लावा. पहिले चार-पाच दिवस तरी उलटी व्हायची त्या वेळेच्या अर्धा तास आधी मूठभर खाद्य द्या. आपल्या उदाहरणात हा गजर पहाटे पाचचा. ही मूठ सकाळच्या 90 ग्रॅममधलीच; उरलेलं सहाला द्या.

10. फिरणं त्यानंतर ठेवा. मे महिन्यात उन्हाआधी फिरायला न्यावंच लागतं. तेव्हा निघताना फक्त ती मूठ द्या आणि बाकीचं घरी आल्यावर, धाप थांबली की.
*सावध:* भरल्या पोटी पळवू नका. पोट फुगलं आणि कुत्रा ओकाऱ्या काढतोय पण बाहेर काहीच येत नाही, असं दिसलं तर तो जिवावरचा प्रसंग आहे. एक मिनिटही न दवडता दवाखाना गाठा.

11. वेळ घड्याळाला बांधा, तुमच्या ड्युटीला नाही. वाळूजच्या कंपनीत पाळी आठवड्याला बदलत असेल, तर कुत्र्याचं जेवण तुमच्यासोबत पुढे-मागे सरकतं आणि एखाद्या आठवड्यात उलटी पुन्हा सुरू होते. रात्रीचा डबा भरून ठेवा आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते काम नेमून द्या.
*सावध:* रविवारी सगळे उशिरा उठतात, तिथेच घोळ होतो. गजर रविवारीही हवा.

12. दहा दिवस रोज खूण करा. उलटी नाही तर टिक, झाली तर वेळ. अधूनमधून होत असेल, तर रात्रीचा घास अर्धा तास पुढे ढकला किंवा सकाळचा अर्धा तास अलीकडे घ्या.
*सावध:* दोन्ही एकदम नको. एक बदल करा आणि तीन दिवस बघा.

13. औषधाच्या डब्याला हात लावू नका. माणसांच्या पित्ताच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल तर अजिबातच नाही. ही औषधं कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

14. दहाव्या दिवशी निर्णय घ्या. उलटी थांबली असेल, तर हेच वेळापत्रक कायम ठेवा. "बरा झाला" म्हणून दोन वेळच्या जेवणावर परत गेलात, की पिवळा फेस परत येऊ शकतो. फरक पडला नसेल, तर कॅलेंडरचं पान आणि उलटीचे फोटो घेऊन पशुवैद्यांकडे जा. जंत, स्वादुपिंडाची सूज, यकृत किंवा मूत्रपिंडाचे आजार यांतही अशी उलटी होते. ते रक्त-विष्ठेच्या तपासणीतून किंवा सोनोग्राफीतून शोधावं लागतं.

दहा दिवस थांबायचं नाही, जर

- एका दिवसात दोन-तीनदा उलटी झाली,
- जेवण सोडलं किंवा कोपऱ्यात पडून राहिला,
- जुलाब लागले किंवा ताप वाटतोय,
- पाणी प्यायलं तरी बाहेर येतंय,
- वजन उतरतंय,
- किंवा मोजा, हाड, प्लॅस्टिक असं काही गिळल्याचा संशय आहे.

यातलं एक जरी दिसलं, तरी वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दाखवून या. उलटी किती वाजता झाली आणि त्याआधी किती तास पोट रिकामं होतं, एवढं सांगितलंत तरी डॉक्टरांना पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो.