नाव मोकळं आहे, पण कुठे?

सांगलीत आम्ही चौघीजणी मिळून भाजणी, मेतकूट आणि मसाले करून विकतो. ओळखीपाळखीतला माल दुकानांच्या फळीवर जायला लागला तेव्हा पाकिटावर नाव हवं झालं आणि आम्ही ‘पायली’ ठरवलं. धान्याचं जुनं माप, उच्चारायला सोपं, आजीच्या तोंडचं. .in चा पत्ता मोकळा मिळाला, तो त्याच संध्याकाळी घेतला. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर Payali असं टाइप करून पाहिलं, समोर काही आलं नाही. पाकिटं छापून आली, माल गेला, मग नोंदणीचा अर्ज केला. काही महिन्यांनी परीक्षण अहवाल आला. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 11 खाली हरकत होती आणि सोबत आमच्याच मालाच्या वर्गातल्या एका जुन्या नोंदीचा तपशील. त्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आमच्यापेक्षा वेगळं होतं, उच्चार तोच. पाठोपाठ त्या उत्पादकाच्या वकिलाची नोटीसही आली. नाव सोडावं लागलं, छापलेली पाकिटं रद्दीत गेली आणि दुकानदारांना सगळं नव्याने समजावून सांगावं लागलं.

दुसऱ्यांदा नाव शोधताना आम्ही जे शिकलो ते सविस्तर सांगते, कारण गृहउद्योग करणाऱ्या कितीतरी बायका आज याच टप्प्यावर उभ्या आहेत.

डोमेन आणि ट्रेडमार्क या दोन्हीकडे आपण ‘नाव मोकळं आहे का’ हेच विचारतो, पण दोन्हीकडे तपासलं जातं ते वेगवेगळं. डोमेनला फक्त अक्षरं कळतात. एक a कमी-जास्त झाला की तो वेगळा पत्ता, आणि तो रिकामा असेल तर कोणालाही मिळतो. ट्रेडमार्कचा अधिकारी मात्र विचारतो की साधारण गिऱ्हाईक या दोन नावांत गोंधळेल का. तिथे कानाला काय ऐकू येतं, डोळ्यांना काय दिसतं आणि अर्थ काय लागतो हे सगळं धरलं जातं. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या नावांचा निवाडा केला. अमृत आणि लक्ष्मण यांच्या अर्थाचा एकमेकांशी संबंध नाही, तरीही पूर्ण नावाचा ठसा इतका सारखा आहे की अर्धवट आठवणीवर खरेदी करणारा माणूस फसेल, असं न्यायालय म्हणालं. त्या खटल्यात लक्ष्मणधारेला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, पण ती जुन्या वापरासारख्या खास परिस्थितीमुळे. नव्याने येणाऱ्याला तो आधार नसतो. म्हणून आधी डोमेन पाहून नावाच्या प्रेमात पडणं धोक्याचं. क्रम उलटा हवा.

आमच्याकडे वहीची दोन पानं भरून नावं होती. त्यातली बरीच काही न शोधताच गळाली. ‘घरगुती चव’, ‘शुद्ध मसाले’, ‘गावरान भाजणी’ असली नावं मालाचं वर्णन करतात. कलम 9 प्रमाणे वर्णन करणारा शब्द सहसा एकट्याच्या मालकीचा होत नाही, कारण तो सगळ्याच विक्रेत्यांना लागतो. गावांची नावं आणि सर्रास आढळणारी आडनावंही याच कारणाने बाजूला काढली. अशा नावांचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण ती ऐकताच गिऱ्हाइकाला माल कळतो. पण उद्या शेजारच्या गल्लीतल्या कोणी तेच नाव लावलं तर तुम्हाला अडवता येत नाही. उरली ती मालाशी थेट संबंध नसलेली, तरीही स्वयंपाकघराचा वास असलेली नावं. त्यांत एक होतं ‘उतरंड’. मडक्यांवर मडकी रचलेली उतरंड आता घरात दिसत नाही, पण शब्द सगळ्यांना माहीत आहे.

आता खरा शोध. ट्रेडमार्कसाठी सगळा माल आणि सेवा 45 वर्गांत वाटलेल्या आहेत. पीठ, भाजणी, मसाले, पापड 30 मध्ये येतात, लोणची आणि वाळवलेल्या भाज्या 29 मध्ये, दुकानदारी 35 मध्ये आणि खाणावळ 43 मध्ये. शोध एका वेळी एकाच वर्गात चालतो, म्हणून आम्ही प्रत्येक नाव या चारही वर्गांत पाहिलं. लोणचेवाल्याचं नाव 29 मध्ये असलं तरी मसाल्याला ते आडवं येऊ शकतं, कारण दोन्ही एकाच दुकानात एकाच फळीवर असतात.

मराठी नावाला रोमन लिपीत ठरावीक रूप नाही, आणि आमची पहिली तपासणी नेमकी इथेच फसली होती. पाकिटावर देवनागरीत छापलेलं नावही सरकारी नोंदीत अनेकदा अर्जदाराने आपल्या मनाने केलेल्या रोमन स्पेलिंगखालीच सापडतं. पायलीचं Payali, Payli, Paayli, Paili असं काहीही होऊ शकतं. म्हणून पूर्ण नाव टाकून भागत नाही. Wordmark या शोधात Contains निवडून नावाचा फक्त कणा टाकायचा. उतरंडसाठी आम्ही आधी utran टाकलं, मग utar, मग uttar, आणि रचलेल्या मडक्यांचा अर्थ सांगणारे शब्दही पाहिले. एका तुकड्याखाली फारच जास्त नावं आली की पुढे एक अक्षर वाढवायचं. मग Phonetic हा उच्चाराचा शोध वेगळा करायचा. तो पुष्कळ असंबद्ध नावं समोर आणतो आणि मराठी उच्चार त्याला नीट कळत नाहीत, म्हणून त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये, पण तो वगळूही नये. ळ, ण, व, छ, झ असलेल्या नावांना स्पेलिंगं जास्त, म्हणजे शोधाचं कामही जास्त.

यादी समोर आली की प्रत्येक ओळीची स्थिती वाचायची. Registered म्हणजे नोंदलेलं, ते तर उघड आहे. Objected दिसलं की लोक खूश होतात, ‘त्यांनाच मिळालं नाही’ म्हणून. तो अर्ज जिवंत असतो, त्याची तारीख तुमच्या आधीची असते आणि तो तुम्हाला अडवू शकतो. Opposed चंही तसंच. Abandoned किंवा Refused असेल तर नोंदवहीतली वाट मोकळी दिसते, पण तो माणूस बाजारात ते नाव अजून वापरत असू शकतो. Removed दिसलं तर तारीख पाहावी. नूतनीकरण न झाल्यामुळे काढलेली नोंद मुदत संपल्यापासून वर्षभरात पुन्हा चालू करून घेता येते, आणि काढल्यापासून वर्षभर ती सहसा नव्या अर्जाच्या आडही येते.

‘बाजारात वापर’ हा मुद्दा मी पुनःपुन्हा सांगते, कारण नोंदवही पूर्ण चित्र दाखवत नाही. आपल्या कायद्यात कलम 34 आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं, त्याने कधीच अर्ज केलेला नसला तरी. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या नावाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली हेच ठामपणे सांगितलं की नोंदणीपेक्षा आधीच्या वापरातून आलेला हक्क वरचढ आहे. म्हणून निवडक नावं घेऊन आम्ही गुगल, नकाशे, इन्स्टाग्राम आणि ऑनलाइन दुकानं पाहिली, मराठीत आणि रोमनमध्ये. सांगली, कोल्हापूर आणि पुण्यातल्या किराणा दुकानांच्या फळ्या प्रत्यक्ष पाहिल्या. एक नाव, जे नोंदवहीत कुठेच नव्हतं, ते एका बचत गटाच्या मसाल्यावर वर्षानुवर्षं छापलेलं निघालं. ते सोडून दिलं. आणखी एक गैरसमज: कंपनीचं नाव मंजूर झालं की झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. कंपनी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे ट्रेडमार्कचा मालक तीन वर्षांच्या आत तक्रार करून कंपनीचं नाव बदलायला लावू शकतो.

या सगळ्यातून दोन-तीन नावं उरली तेव्हा कुठे आम्ही डोमेनकडे वळलो. इथे आमची चाचणी फोनवरची. नातेवाइकांना फोन करून नुसतं नाव सांगायचं आणि म्हणायचं, इंग्रजीत लिहून पाठव. उतरंडचं कोणी utrand पाठवलं, कोणी utarand. दोन्ही घ्यायचे आणि एकाहून दुसऱ्याकडे वळवायचं. सहा प्रकारे लिहून आलं तर ते नाव पत्ता म्हणून कच्चं. पत्ता घेतलेला आहे का आणि कधीपर्यंत, हे .com साठी lookup.icann.org वर पाहता येतं. मुदत संपलेली दिसली म्हणून तो लगेच मोकळा होत नाही, जुन्या मालकाला परत घेण्यासाठी सवलतीचे दिवस असतात. पत्ता आधी कोणी वापरला होता का, हे web.archive.org वर बघावं. जुगाराच्या किंवा फसवणुकीच्या पानांचा पूर्वेतिहास असलेला पत्ता नवीन धंद्याला ओझं होतो. आणि रजिस्ट्रारचा पहिल्या वर्षाचा स्वस्त दर पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा.

पत्ता विकत घेतल्याने नावावर हक्क येत नाही. .in पत्त्यांसाठी वाद सोडवण्याची स्वतंत्र पद्धत आहे, आणि दुसऱ्याच्या नावाचा पत्ता वाईट हेतूने घेतल्याचं सिद्ध झालं तर तो काढून घेतला जातो.

व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. आमच्या वाया गेलेल्या पाकिटांचं बिल याहून बरंच मोठं होतं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की छपाईची ऑर्डर देण्याआधी अर्ज करा, आणि परीक्षण अहवाल येईपर्यंत पाकिटं थोडीच छापा. अर्ज केल्यावर नावापुढे ™ लावता येतं. ® नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, त्यासाठी कलम 107 खाली दंड होतो. ज्या दिवशी अर्ज भरणार त्या सकाळी सगळा शोध पुन्हा एकदा करा, कारण महिनाभरापूर्वी मोकळं दिसलेलं नाव मधल्या काळात दुसऱ्या कोणी मागितलेलं असू शकतं.